पानभर राजीनामा, चार ओळींत

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मगरिबची नमाज आटोपून आम्ही घरी आलो तर ओट्यावर भाचा बसलेला. हातात कागदाची घडी. त्याच्या मुमानीने पुढे ठेवलेला चहा तसाच थंड झालेला. आम्ही समजलो, पोराचे काहीतरी बिनसले आहे. आम्ही बसताच त्याने घडी उलगडून आमच्या हातात दिली आणि म्हणाला, "मामू, उद्या हे देऊन येतो. फक्त शुद्धलेखन बघा."

कागद म्हणजे फुलस्केपचे अख्खे पान, वरच्या समासापासून खालच्या कडेपर्यंत भरलेले. शेवटच्या दोन ओळी तर सहीला जागा उरावी म्हणून बारीक अक्षरात कोंबल्या होत्या. राजीनामा होता.

आमचे आयुष्य एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेले. माणसे येताना अर्ज लिहितात आणि जाताना राजीनामा, आणि दोन्ही कागद आमच्याच फायलीत यायचे. म्हणून आम्ही शुद्धलेखन बाजूला ठेवले आणि आधी ते पान दोनदा वाचले.

भाचा बाजारपेठेतल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून. सकाळी बिले फाडायची, दुपारी टॅलीत नोंदी, संध्याकाळी गल्ला मोजून कॅशबुक बंद करायचे. दुकान आणि गोदाम मिळून चौदा माणसे कामाला. सहा वर्षांपूर्वीच्या जूनच्या १० तारखेला तो लागला, तेव्हा नुकताच बी.कॉम. झाला होता. आता दुसऱ्या एका ठिकाणी बोलावणे आले होते. पगार थोडा जास्त, आणि १ जानेवारीपासून हजर व्हायचे होते. म्हणजे घाई नव्हती. पण त्या दिवशी मालकांच्या चुलतभावाशी त्याची चार माणसांदेखत तक्रार झाली होती आणि पान त्या रागात लिहिले गेले होते.

पानात काय होते ते सांगतो. सुरुवात "अत्यंत जड अंतःकरणाने" अशी. मग सहा वर्षांत किती दिवाळ्या रात्री अकरापर्यंत थांबलो त्याचा हिशेब. मग पगारवाढ दोन वर्षे मिळाली नाही. मग मालकांचा चुलतभाऊ मागाहून येऊन डोक्यावर बसला. मग जुम्याच्या दिवशी अर्धा तास बाहेर गेल्यावर ऐकावे लागणारे टोमणे. मग ऑक्टोबरात गल्ल्यात ३,२०० रुपये कमी भरले आणि ते त्याच्या पगारातून कापले गेले, ती हकिकत. मग अम्मीच्या शुगरची आणि डोळ्यांच्या ऑपरेशनची माहिती. तिच्या खाली "अशा परिस्थितीत मला राजीनामा देण्यास भाग पडत आहे, तरी उद्यापासून मी कामावर येणार नाही", आणि अगदी शेवटी "काही चुकले असल्यास मोठ्या मनाने माफ करावे".

आम्ही विचारले, "यातले खोटे काय आहे?"

"एक शब्द खोटा नाही, मामू."

ते आम्हालाही ठाऊक होते. पण राजीनाम्याच्या कागदाला कामे मोजकीच असतात. कोण सोडतो, कोणते पद सोडतो, कोणत्या तारखेला सोडतो, आणि हातातले काम कोणाला देऊन जातो. हे वाचून मालक हिशेब लावायला सांगतो आणि कागद फायलीत जातो. तिथे तो वर्षानुवर्षे राहतो. उद्या नव्या ठिकाणाहून चौकशीचा फोन आला, किंवा पैशांवरून वाद झाला, की पहिल्यांदा तोच कागद बाहेर काढतात. रागाचा दिवस सगळे विसरलेले असतात. कागदावरची ओळ मात्र तिथेच असते.

आम्ही पेन्सिल घेतली. भाच्याला समोर बसवून एकेक वाक्य विचारत गेलो की हे वाचून वाचणाऱ्याने काय करायचे? उत्तर "काही नाही" आले की खाली रेघ. जड अंतःकरण गेले. दिवाळ्या गेल्या. पगारवाढ गेली, कारण सोडून जाणाऱ्याला वाढ कोण देणार? चुलतभाऊही गेला. अम्मीची तब्येत काढताना भाचा थोडा घुटमळला. त्याला वाटत होते की कारण दिले नाही तर राजीनामा अपुरा राहील. तसे नाही. एखाद्या संस्थेच्या नियमांत किंवा नेमणूकपत्रात कारण मागितले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी खासगी पेढीवरच्या माणसाने सोडण्याचे कारण लिहिलेच पाहिजे असे नाही. शिवाय आईच्या आजारपणाचे कारण लिहून महिनाभरात दुसऱ्या पेढीवर दिसलो, तर लोक त्याचा अर्थ आपल्या मर्जीने लावतात.

मग आलो ३,२०० रुपयांवर. इथे आम्ही थांबलो. ही हकिकत सांगताना त्याने एक वाक्य लिहिले होते : "त्या दिवशी गर्दीत माझ्याकडून मोजण्यात चूक झालीही असेल, मी नाकारत नाही."

"हे का लिहिलेस?"

"मन साफ आहे म्हणून. चुलतभाऊसुद्धा त्या दिवशी गल्ल्यावर बसला होता. पण मी त्याचे नाव कसे घेऊ? पाहिले तर नाही."

पोराची नियत चांगली, यात शंका नाही. पण वाचकहो, हे वाक्य फायलीत गेल्यावर त्याचे काय होते ते बघा. 'झालीही असेल' मधला 'ही' पुढे कोणी वाचत नाही. उरते ते इतकेच, की कॅश सांभाळणाऱ्या कारकुनाने गल्ल्यातली तूट आपल्या सहीने कबूल केली. मालकाच्या मनात आले तर तो राजीनामा बाजूला ठेवून चौकशीच लावू शकतो. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात रक्कम जप्त करण्याची मुभा आहे ती अशाच वाटेने येते. कर्मचाऱ्याच्या हलगर्जीने नुकसान झाले म्हणून, किंवा काही गंभीर गैरवर्तनासाठी, त्याला कामावरून काढले असेल तर. स्वतःहून सोडणाऱ्याची ग्रॅच्युइटी त्या कारणाने अडवता येत नाही. मग आपणच दार का किलकिले करून द्यावे?

आणि त्याच्या उलट बाजूही आहे. नोकराच्या हातून रोकड गहाळ झाली तर पगारातून कापण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती तूट थेट त्याच्याच चुकीने आलेली असली पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. भाच्याला कोणी विचारलेच नव्हते. पगाराच्या दिवशी पाकिटात पैसे कमी निघाले, तेव्हा त्याला कळले. म्हणजे तक्रार खरी होती आणि तिला आधारही होता, पण राजीनाम्याच्या मधोमध, दिवाळी आणि शुगर यांच्यामध्ये, ती बुडून गेली होती. आम्ही ती पुसली नाही. कोरा कागद घेतला आणि त्यावर वेगळे पत्र लिहायला लावले. ऑक्टोबरच्या पगारातून इतके रुपये कमी झाले. कापण्यापूर्वी मला विचारले गेले नाही. त्या दिवसाच्या कॅशबुकची शिल्लक, प्रत्यक्ष मोजणीचा कागद आणि गल्ल्यावर कोण कोण होते याची नोंद दाखवावी, आणि रक्कम परत करावी. एवढेच. कोणावर आळ नाही आणि कोणती कबुलीही नाही.

जुम्याच्या टोमण्यांचे वाक्य काढताना मात्र भाचा रेघ मारू देईना. खरे सांगायचे तर आमचाही हात चालत नव्हता. तो अर्धा तास तो रोज संध्याकाळी जास्त बसून भरून काढत होता, हे आम्हाला माहीत होते. आम्ही म्हणालो, "हे तुला कोणाला ऐकवायचे आहे?" तो म्हणाला, "मोठ्या मालकांना. त्यांना कदाचित ठाऊकच नसेल." मग झाले! मोठे मालक समोर भेटणार आहेत, तोंड आहे, तोंडाने सांग. कागदावर लिहिलेस तर आधी व्यवस्थापक वाचणार, मग चुलतभाऊ वाचणार, आणि मोठ्या मालकांपर्यंत काय पोहोचेल ते अल्लाह जाणे.

यानंतर राहिली ती ओळ : "उद्यापासून मी कामावर येणार नाही." साऱ्या पानात सर्वांत महाग ओळ हीच होती.

आम्ही त्याला नेमणूकपत्र आणायला पिटाळले. ते त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत होते. आपल्या घरांत निकाहनामा जपतात, नेमणूकपत्र कुठे आहे ते मात्र राजीनाम्याच्या दिवशी शोधतात! त्यात लिहिले होते की नोकरी सोडताना एक महिन्याची आगाऊ सूचना द्यावी, नाहीतर एक महिन्याचा पगार वळता केला जाईल. भाच्याचा पगार १८,२०० रुपये. म्हणजे रागातली ती एक ओळ इतक्याला पडणार होती.

पण तेवढ्यावर भागत नव्हते. आम्ही जूनपासून बोटे मोजली. जिथे दहा किंवा जास्त माणसे कामाला आहेत तिथे सलग पाच वर्षे केलेल्या माणसाला नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, राजीनामा दिला तरी. दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मोजतात. भाच्याचे हे दोन्ही मिळून १५,६०० रुपये. २६ ने भागले की दिवसाचे ६००, पंधरा दिवसांचे ९,०००. आता शेवटच्या अर्धवट वर्षाचे काय? सहा महिन्यांपेक्षा जास्त भरले असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात, कमी असेल तर सोडून देतात.

२० नोव्हेंबरला सोडले तर भाच्याची नोकरी भरते सहा वर्षे, पाच महिने आणि काही दिवस. म्हणजे सहाच वर्षे, ५४,००० रुपये. महिन्याची सूचना देऊन २० डिसेंबरपर्यंत काम केले तर सहा वर्षे, सहा महिने आणि वर अकरा दिवस. म्हणजे सात वर्षे, ६३,००० रुपये. भाच्याने तो आकडा ऐकला आणि थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. मुमानी आतून म्हणाली, "आता नवा ठेवते, तो नका पिऊ." तोवर पिऊन झाला होता.

तारीख स्पष्ट लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे. १९७७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी ७ मे रोजी राष्ट्रपतींना राजीनामा पाठवला, पण तो १ ऑगस्टपासून लागू होईल असे लिहिले. मग १५ जुलैला त्यांनी तो मागे घेतला. मागे घेता येतो का, यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये निकाल लागला की पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो. आपली पेढी म्हणजे काही उच्च न्यायालय नव्हे, आणि खासगी नोकरीत कराराच्या अटी आड येऊ शकतात. तरी "तात्काळ मंजूर करावा" असे स्वतःच लिहून देणाऱ्याला विचार बदलायला एक दिवसही उरत नाही. दुसऱ्या नोकरीचे पत्र हाती पडेपर्यंत तरी हा दिवस आपल्याकडे असावा. (भाच्याला आम्ही आधी तेच विचारले होते. पत्र आले होते.)

आता उरलेल्या शब्दांकडे. "राजीनामा देण्यास भाग पडत आहे" याचे आम्ही "राजीनामा देत आहे" केले. भाग कोणी पाडला नव्हता, त्याने स्वतः दुसरी नोकरी पाहिली होती. इथे एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. तुमच्या घरातल्या कोणाला साहेबाने खोलीत बसवून "राजीनामा लिही, नाहीतर बघतो" असे म्हटले असेल, तर या चार सभ्य ओळी त्याच्यासाठी नाहीत. अशा कागदावर "स्वखुशीने" आणि "आभार" लिहिले की पुढे कोणत्याही दारात दाद मागणे कठीण होते. त्याने सही न करता बाहेर यावे आणि कामगार कायद्याची जाण असलेल्या वकिलाला त्याच दिवशी गाठावे.

"काही चुकले असल्यास माफ करावे" ही ओळही गेली. आपल्या माणसांना निरोप घेताना कहा-सुना माफ म्हणायची सवय असते आणि ती चांगलीच आहे, पण ती गळाभेटीची गोष्ट. कॅशबुक सांभाळणाऱ्याच्या राजीनाम्यात ती त्या ३,२०० रुपयांच्या शेजारी जाऊन बसते.

शेवटी आभाराची ओळ. भाचा बिथरला. "मामू, आभार कशाचे? आत्ताच तुम्ही म्हणालात खरे तेवढेच लिही, आणि आता खोटे लिहायला लावता!" बरोबर होते त्याचे. आम्ही म्हणालो, खोटे नको, पण सहा वर्षांत तिथे एकही खरी चांगली गोष्ट झाली नाही का? तो गप्प राहिला. मग म्हणाला की मोठ्या मालकांनी स्वतः शेजारी बसवून खतावणी शिकवली होती. कॉलेजातले जमाखर्च वेगळे आणि पेढीवरचे वेगळे. अब्बा दवाखान्यात होते तेव्हा त्यांनी न मागता वीस हजार उचलही दिली होती. आम्ही म्हणालो, उचल खासगी गोष्ट आहे, ती तोंडी सांग. खतावणी लिही.

रात्री इशाच्या सुमाराला कागद तयार झाला. वर तारीख, मालकांना संबोधन, आणि 'विषय : लिपिक पदाचा राजीनामा'. मजकूर असा :

"महोदय, मी आपल्या पेढीवरील लिपिक पदाचा राजीनामा देत आहे.

नेमणूकपत्रातील अटीनुसार हे पत्र एक महिन्याची सूचना समजावे. माझ्या कामाचा शेवटचा दिवस २० डिसेंबर राहील.

तोपर्यंत माझ्याकडील कॅशबुक, बिलबुके व चाव्या आपण सांगाल त्यांच्या स्वाधीन करीन. माझा हिशेब व अनुभवाचा दाखला त्या दिवशी मिळावा, ही विनंती.

आपल्याकडे हिशेबाचे काम शिकायला मिळाले, याबद्दल मी आपला आभारी आहे."

खाली "आपला विश्वासू", सही, नाव. 'आज्ञाधारक' आम्ही मुद्दाम टाळले. तो शब्द शाळेच्या रजेच्या अर्जात शोभतो.

तिसऱ्या ओळीत 'ग्रॅच्युइटी' हा शब्द का नाही, असे कोणी विचारील. तिच्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो, आणि तो सोडल्यावर तीस दिवसांत केलेला बरा. मालकाने पैसे देण्याची मुदतही तीस दिवसांचीच आहे. राजीनाम्यातच आकडा मांडला की पहिल्याच दिवशी घासाघीस सुरू होते.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक द्यायची, दुसरीवर 'मिळाले' अशी सही आणि तारीख घ्यायची. सही द्यायला कोणी का-कू केले तर वाद घालू नये, तोच कागद स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. भाच्याला व्यवस्थापकाने मुकाट्याने सही दिली. वाचायला त्याला अर्धा मिनिटही लागले नाही. मान वर करून त्याने विचारले, "का रे, काही झाले का?" भाचा म्हणाला, "मोठ्या शेटांना भेटायचे आहे."

भेट झाली. काय बोलणे झाले ते सगळे त्याने आम्हाला सांगितले नाही, आम्हीही खोदून विचारले नाही. जुम्याची गोष्ट शेटांनी ऐकून घेतली, एवढे कळले. २० डिसेंबरला कॅशबुक दुसऱ्याच्या ताब्यात देताना त्याने गल्ला मोजून दोघांच्या सहीचा कागद केला, आणि त्याची एक प्रत घरी आणली. तो आता पोळलेला होता. ग्रॅच्युइटीचे ६३,००० जानेवारीत बँकेत जमा झाले. अम्मीच्या एका डोळ्याचे ऑपरेशन त्यातून झाले, दुसऱ्याचे रमजाननंतर करायचे ठरले आहे.

३,२०० रुपयांच्या पत्राला अजून उत्तर नाही. त्याची दुसरी प्रत, तारखेसह, आमच्याकडे आहे. ते फुलस्केपचे पानही आमच्याकडेच राहिले. भाच्याने परत मागितले नाही.